पाचवा हात

प्रिय धाकटे, म्हणजेच आमच्या वॉर्डाच्या माननीय उमेदवार,

आजवर आपल्या पक्षाचं तिकीट वरून यायचं. यंदा प्रथमच सभासदांनी मतदानानं उमेदवार निवडायचा होता आणि समोर तू व तू कामाला असतेस त्याच लाँड्रीचे मालक. अध्यक्ष मी, म्हणून तटस्थ.

सभासदांत निम्म्या तुमच्या इस्त्रीवाल्या. मालक पहिल्या रांगेत खुर्ची उलटी फिरवून त्यांच्याकडे तोंड करून बसले. "हात वर करून होऊ दे. आपल्यात पडदा कशाला?"

तू म्हणालीस, "पडदा नको, तर मग साहेब, तुम्ही बाहेर बसा."

ते हलले नाहीत, म्हणून तू चिठ्ठ्या मागितल्यास. नियमानुसार पाच सभासदांनी मागितलं तरच गुप्त मतदान. गंमत अशी, की ते मागायलाही हात उघडच वर करावा लागतो. तुझा वर गेला. मग तीन इस्त्रीवाल्यांचे, मान खाली घालून. चार. लाँड्रीत पाण्याची, संडासाची सोय हवी म्हणणारं कुणी कधी निवडून जाणार की नाही, ते एका हातावर अडलं होतं. माझा चालत नव्हता.

पाचवा तुझ्या वहिनीचा. तुझ्याशी दिवाळीपासून अबोला धरलेल्या वहिनीचा!

चिठ्ठ्या घडी करून पेटीत पडल्या आणि तू जिंकलीस. मालक आता सगळ्यांकडे सारख्याच संशयानं बघतात.

घरी वहिनीला विचारलं, "मत कुणाला दिलंस?"

"गुप्त म्हणजे गुप्त, अध्यक्ष," ती म्हणाली आणि तुला आवडतो तसा आल्याचा चहा डब्यात भरू लागली.

अध्यक्षानं उमेदवाराचे लाड करू नयेत, म्हणून हे पत्र टाकत नाही. चहा मात्र येतोय.

तुझा तटस्थ,
दादा