उमरखेडहून आलेला अंगठा

उमरखेड, ४ ऑगस्ट २०२५

चि. घनश्याम यास,
अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले, मनातून निघत नाहीत.

घरचा ग्रुप मी सोडला, तुझा नंबरही बंद केला, म्हणून हे पोस्टाने. आईच्या तेरवीला तू मामांसमोर मोबाईल काढलास आणि म्हणालास, की आईला नागपूरला न नेता घरीच ठेवायला ताईची संमती होती, हा पाहा तिचा अंगठा. सगळ्यांनी वाकून पाहिले. मी ताटावरून उठले ते तुला दिसले असेलच.

तो अंगठा मी बाजारात, एका हातात पिशवी धरून दाबला. त्याचा अर्थ इतकाच, की वाचले. संमती कायची? तिसऱ्या दिवशी आई गेली. काहून फोन केला नाही मले? एवढी गोष्ट का मोबाईलवर टाकून विचारतात? आता आईला मीच मरू दिले, असे सारे गणगोत बोलून राह्यले.

तुझी बहीण (अजून तरी),
विमल

घाटंजी, ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. डॉक्टरनं दोनच रस्ते सांगितले होते. नागपूरले नेऊन श्वासाच्या मशीनवर ठेवा, नाहीतर घरी राहू द्या. आई शहाऐंशीची. एकट्यानं ठरवायची हिंमत नव्हती, म्हणून सात ओळी लिहिल्या, शेवटी प्रश्नचिन्ह दिलं. प्रश्नावर अंगठा आला तर माणसानं काय समजावं? आपल्या आजीले अक्षर येत नव्हतं. तिनं कागदावर अंगठा दिला, की ती सहीच होती. तू तर शिकलेली.

माह्यावर भरोसा नसेल तर अर्पिताला विचार. माझी पोर आहे, पण ती भाषाशास्त्रच शिकून राह्यली. खोटं बोलणार नाही.

घनश्याम

नागपूर, १७ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुम्ही फोनवर म्हणालात, की बाबा चुकले असं कागदावर लिहून दे. तसं लिहिता येत नाही, म्हणून रागवाल. हेच पत्र बाबांनाही पाठवतेय.

मी ग्रुपचं वर्षभराचं बोलणं काढून पाहिलं. तुमचे दोनशे बारा अंगठे आहेत. सोयाबीनच्या भावावर आहे, माझ्या भावाचा, पियुषचा पाय मोडला त्यावरही आहे. पाय मोडला हे तुम्हाला पसंत होतं असं कोणीच म्हणणार नाही. समोर बसून बोलताना आपण हं, हो करत राहतो, ते पटलं म्हणून नाही, ऐकतोय म्हणून. लिहिण्यात तो हुंकार हरवतो आणि त्या जागी असं चिन्ह येतं. आमच्या भाषाशास्त्रात या चिन्हांना स्वतंत्र भाषा मानत नाहीत, कारण त्यांना व्याकरण नाही. ती हातवाऱ्यांच्या जवळची. अर्थ शेजारचे शब्द आणि पाठवणारा माणूस ठरवतात. माझ्या मैत्रिणींत नुसता अंगठा म्हणजे तुसडेपणा. 'ओके'ऐवजी एकटा 'के' आला, की समजायचं बिनसलं. 'बरं'पुढे पूर्णविराम दिसला तरी धडकी भरते, आणि बाबा तर प्रत्येक ओळीला पूर्णविराम देतात! यानं भाषा बिघडली असंही नाही. ती., चि., सा. न. हीसुद्धा दोघांना ठाऊक असलेली लघुरूपंच आहेत.

पण बाबांचंही चूक नाही. प्रश्नानंतर जे येतं ते उत्तर म्हणूनच वाचलं जातं. शिवाय असा अंगठा अख्ख्या संदेशाला चिकटतो. सातांपैकी कोणत्या ओळीला तो होता, हे कळायला मार्ग नाही. अंगठ्याचे दोन्ही अर्थ होतात, एवढं मी सांगू शकते. तुमच्या मनात कोणता होता, ते मला ठाऊक नाही.

तुमची,
अर्पिता

घाटंजी, २१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

पोरीनं तुलेही निर्दोष सोडलं, मलेही सोडलं. मले असं सुटायचं नाही. मी रोज त्या रिकाम्या खाटेपाशी बसतो. एकच विचारतो, चिन्ह नको, अक्षरात लिही. फोन केला असता तर काय म्हटलं असतंस?

घनश्याम

उमरखेड, २७ ऑगस्ट

चि. घनश्याम यास,
आशीर्वाद.

घरीच ठेव म्हटले असते.

पण तोंडाने म्हटले असते. मग तुला म्हटले असते, फोन तिच्या कानाशी धर. ते तू मला करू दिले नाहीस, त्याची माफी माझ्याकडे नाही. पुढच्या मासिक श्राद्धाला येईन ती आईसाठी. तुझ्याशी बोलणार नाही. मामांसमोर एवढे सांग, की ताईला नीट विचारले नव्हते.

आणि अर्पिताला माझ्या बाजूचे काही शोधू नको म्हणावे. वाचले असे मी लिहिले, तेही खरे नाही. बाजारात उन्हात पडद्यावर तुझी पहिली ओळच दिसली, बाकीचे वाचलेच नाही. आईने आज दोन चमचे पेज घेतली, एवढेच त्यात होते. मला फार बरे वाटले, म्हणून अंगठा दिला.

विमल