साक्षीने विचारलेला शेवट

नाशिक

प्रिय आई,

सप्रेम जयभीम. आम्ही दोघी बहिणी ठीक आहोत. साक्षी जेवते, जरा कमी जेवते एवढंच. तुझा गुडघा कसा आहे?

मी लिहितेय त्या कादंबरीमालेचा शेवटचा भाग तिने अर्ध्यापर्यंत वाचला. म्हणाली, "ताई, जुलमी राज्य उलथवायला नेहमी एकच सोळा वर्षांची पोरगी का लागते?"

मी म्हटलं, "त्या वयात सगळं मोठी माणसं ठरवतात, एका परीक्षेवर आयुष्य टांगलेलं असतं. म्हणून मुलांना ती आपलीच वाटते. शिवाय तिने अजून त्या राज्याशी जुळवून घेतलेलं नसतं."

"मग शेवटी?"

"शेवटी तिला कळतं, नशिबाने तिला निवडलंच नव्हतं. लोकांना धाक दाखवायला राज्यकर्त्यांना एक चेहरा हवा होता आणि बंडखोरांनाही झेंड्यावर तोच हवा होता. ती झेंडा खाली ठेवते. वेशीचा दरवाजा सगळे मिळून उघडतात."

साक्षी रडायलाच लागली. "क्लासवाल्यांनी 'भावी डॉक्टर' म्हणून माझा फोटो चौकात फ्लेक्सवर लावलाय, ताई. मला नाही जमणार ती मेडिकलची परीक्षा."

काल मी क्लासमध्ये जाऊन तो फ्लेक्स उतरवायला लावला.

तिला हे दडपण झेपत नाही, हे अण्णांना तूच हळूहळू सांग. रविवारी ती घरी येतेय. तिला डॉक्टर म्हणून हाक मारू नका.

तुझी,
मनाली