गयाबाईंच्या नावाआधी

दि. ४ डिसें., गुरुवार
शाळेच्या शताब्दीचा कृतज्ञता-संदेश लिहायचं काम शेवटी माझ्याच गळ्यात. सही संस्थेच्या अध्यक्षसाहेबांची, मजकूर लिपिकाचा. मु.अ. म्हणाले, "तुम्ही इथलेच माजी विद्यार्थी, वर कर्मचारी. दोन्हीकडून लिहाल." म्हणजे मी स्वतःचेच दोनदा आभार मानायचे. जुने हजेरीपट काढले. पहिलं रजिस्टर उर्दूत, निजामाच्या काळातलं. निवृत्त खानसरांनी शेजारी बसून नावं वाचून दिली. धुळीनं शिंका थांबेनात.

दि. ८, सोमवार
शिक्षक झाले, माजी विद्यार्थी झाले. गेलेल्यांच्या नावाआधी कै.; उर्दू रजिस्टरातल्या मुख्याध्यापकांना मरहूम. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मु.अ. एका ओळीत उरकायला निघाले होते, नावाशिवाय. मी अडून बसलो. गयाबाईंचं नाव हवंच. आमच्या वेळी झाडलोट, पाणी, घंटा, सगळं त्यांच्याकडे. ओढ्यापलीकडून येणारी आम्ही पाच पोरं दिसेपर्यंत त्या घंटेला हात लावत नसत. तेच लिहिलं. मु.अ.: "घंटा उशिरा दिली हे छापायचं?" छापायचं.

बाई हल्ली कुठे, म्हणून शेषराव शिपायाला फोन केला. तो रस्त्यावर, शेजारून उसाचे ट्रॅक्टर. "गयामावशी? त्या तर दिवाळीतच गेल्या की..." पुढचं ऐकू आलं नाही. मीच ठेवला. भेटायचं राहून गेलं याचं फार वाईट वाटलं. कै. लावलं.

दि. १३, शनिवार
संदेश छापून आला. एक प्रत माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. हात जोडलेल्यांची रांग लागली. गयाबाईंच्या ओळीवर कितीजण हळहळले. मला बरं वाटलं, खोटं का बोलू.

दि. १५, सोमवार
शेषराव टेबलाशी येऊन उभा. "सायेब, मावशी गेल्या म्हंजी बदनापूरला गेल्या. लेकीकडं. मी सांगून राह्यलो व्हतो, तुमी फोन ठिवून दिल्ता."

जितीजागती बाई, आणि मी...

दि. १६, मंगळवार
मु.अ.ना सांगितलं. त्यांचा उपाय: छापील प्रतीत त्या ओळीवर पांढरी पट्टी. मी म्हणालो, पट्टी फक्त कै. वर लावू. "मग चूक झाली हे दिसेल ना. ओळच नको." शिवाय रविवारी शताब्दीच्या कार्यक्रमात संदेशवाचनानंतर सगळ्यांनी उभं राहून श्रद्धांजली. दिवंगतांची नावं मी वाचायची. यादी अध्यक्षसाहेबांनी मंजूर केलेली, त्यातही बाई आहेत. तिथून त्या निघतील, पण संदेशातूनही? तिकडं मेलेल्या नाहीत आणि इकडं कधी नव्हत्याच?

दि. १७, बुधवार
अर्धी रजा टाकून बदनापूर. बाई ओट्यावर तूर निवडत होत्या. फोनवरचा संदेश आधीच पोचलेला. लेक भडकलेली. "माय समोर बसलीय आन तुमी तिला कैलासाला धाडलं?" मी मान खाली घालून उभा. बाईच हसल्या. "मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतंय म्हन. बस."

मग म्हणाल्या, "माजी वळ वाचून दाव." वाचली, कै. गाळून. "हिनं वाचलं तवा पुढं आनखी कायतरी व्हतं. समदं वाच." समदं वाचलं. रविवारी कार्यक्रमात हे वाचणार, नावं घेणार, हेही सांगितलं. "घंटीचं तुला याद हाय व्हय रे. माजं नाव कुटं छापल्यालं न्हाई आजवर. मी येनार."

परतताना रेल्वेत डोळे भरून आले.

दि. १९, शुक्रवार
अध्यक्षसाहेबांसमोर चूक माझीच म्हणून कबूल केलं. ते रागावले नाहीत, तेच जड गेलं. "गोंधळ नको. ओळीवर पट्टी. बाई आल्याच तर मागे बसवा. यादीतलं नाव गाळा. संदेश मी वाचतो, ती ओळ सोडून." त्या माझ्यावर भरवसा ठेवून यायला निघणार, हे सांगायचं धाडस झालं नाही.

दि. २०, शनिवार
दिवसभर पट्ट्या. सगळ्या कर्मचाऱ्यांत गठ्ठे वाटून दिलेले. माझ्या गठ्ठ्यात मी कै. एवढंच झाकलं. शेषरावनं पाहिलं. थोड्या वेळानं त्याचीही पट्टी आखूड झाली. बाकीच्यांत पूर्ण ओळ गेली. अध्यक्षसाहेबांच्या हातात कुठली प्रत जाईल, कोण जाणे. व्यासपीठावरच्या टेबलावर प्रती ठेवायचं काम शेषरावकडं आहे.

दि. २१, रविवार, सकाळी
सातलाच फोन. गयाबाई.

"बसमधी बसले बरं का. लेकीनं नवं लुगडं नेसवलंय. येक इचारायचं व्हतं. नावं घेतल्यावर समदे उभे राहत्यात ना? मंग माजं नाव आलं की मी उभं राहू का बसूनच राहू?"

म्हणालो, आल्यावर सांगतो. कार्यक्रम अकराला आहे.