तगाफुलचं कार्ड

४ जानेवारी ९८
आज कार्ड क्र. २१२ पुन्हा लिहिलं. शब्द : नजर. जुन्या गाण्यातली नायिका म्हणते, जीव नजर केला. मी ‘दृष्टी’ लिहून मोकळा झालो होतो. चूक. आपल्या कानाला एकच ‘ज’ ऐकू येतो, उर्दूत त्या आवाजाची चार अक्षरं : झे, झाल, झ्वाद, झोय. झोयखाली पाहिलं तर दृष्टी. झालखाली पाहिलं तर भेट, अर्पण, नजराणा त्यातलाच. दोन शब्द, कोशात दोन वेगळी पानं. नियम ठरवला : चारही अक्षरं उघडल्याशिवाय पेन उचलायचं नाही.
सौ. सुमन कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, “कारखान्यात मायक्रोमीटर, घरी हे. तुम्ही मापायचं कधी थांबणार?”
अकरावी नापास फिटर. पण माझ्यासारखी कार्डं नाशकात कुणाकडे असतील तर दाखवा.

१८ जानेवारी
वाचनालयाच्या बैठकीत माझा कोश मंजूर. ‘मराठी चित्रगीते व गझलांतील उर्दू शब्द.’ मार्चअखेर छापणार. चाळीसेक लोकांसमोर मी तगाफुल वाचून दाखवला. माझं सगळ्यात देखणं कार्ड. गाफील आणि गफलत आपल्याकडे केव्हाच रुळले. तगाफुल त्यांचाच भाऊ, पण वळण वेगळं : गाफील असण्याचं सोंग. दिसतंय, तरी दिसलं नाही असं दाखवणं. प्रेमातली मुद्दाम केलेली उपेक्षा.
कॉलेजातले प्रा. साने उठले. “मराठी सिनेमाच्या गाण्यात तगाफुल? पुरावा काय?”
मी तिसऱ्या अंतऱ्यातली ओळ म्हणून दाखवली :
पाहुनी ना पाहिले तू, हे तगाफुल जाणतो मी.
साने : “छापील कुठे आहे?”
मी : “सर, माझ्या कानात आहे. लहानपणी नांदगावच्या टॉकीजमध्ये ऐकलंय. तुम्ही तेव्हा चड्डीत असाल.”
सगळे हसले. साने हसले नाहीत.

२५ जानेवारी
चौक मंडईत कादरी मास्तरांकडे (पुढे का. मा.). उर्दू शाळेतून निवृत्त. मला अलिफ-बे त्यांनीच शिकवलं, पस्तिसाव्या वर्षी. तगाफुल मोठ्या कोशात शोधताना मी कसा घोळ घातला होता, ते आठवून हसले. आपला ‘ग’ म्हणून मी ‘गाफ’ धरला होता, आहे ‘घैन’. ‘त’चेही दोन, ते आणि तोय. शिवाय ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, म्हणून नुसतं त-गा-फ-ल शोधायचं. शब्दापुढे ‘ऐन’ छापलेलं, म्हणजे अरबी. मग मूळ काढायचं : ग-फ-ल. ते अरबी व्याकरणाच्या एका ठरावीक साच्यात ओतलं की ‘तसं असल्याचं ढोंग करणे’ हा अर्थ येतो.
कार्डं चाळून का. मा. एकदम म्हणाले, “राजाभाऊ, सनद किधर है?”
सनद म्हणजे शब्द त्या छटेने वापरल्याचा पुरावा. शेर, शायर, छापील ठिकाण. “मायने तो बनिया भी बता देगा. सनद के बगैर लफ्ज यतीम है.”
तीनशे आठ कार्डांपैकी एकशे चाळीस यतीम, म्हणजे पोरकी, निघाली. तगाफुलसुद्धा.

२६ जानेवारी
ठरलं. सगळ्यांना सनद. मिळाली नाही तर कार्ड बाद. पुस्तक बारीक झालं तरी चालेल.

१५ फेब्रु.
नव्वद झाली. रोज कामावरून सुटल्यावर दोन तास. तगाफुल राहिला.

२२ फेब्रु.
येवल्याला गेलो. वामनराव, पैठणी विणणारे. टॉकीजबाहेर विकायचे त्या गाण्यांच्या पुस्तिका त्यांनी ट्रंकेत जपल्यात, अस्तराच्या कापडात बांधून. माग थांबवून उठले. “बघा निवांत. कोपरे दुमडायचे नाय हां, लय जपलंय.”
पुस्तिका सापडली. गाणं सापडलं. ध्रुवपद, दोन अंतरे.
तिसरा अंतरा नाही. तगाफुल नाही.
वामनरावांकडे तबकडीही होती. लावली. दोनच अंतरे.
“तिसरा? असला तर मला ठावं नसंल का?”
परतीच्या एस्टीत मात्रा मोजत बसलो. गालगागा चार वेळा, चालीत अचूक बसते ओळ. आणि ती मी गायिकेच्या आवाजात ऐकलेलीच नाही. आठवतो तो दादाचा आवाज. अंगणात, सायकल पुसताना.

२३ फेब्रु.
साने बरोबर होते. हे इथे लिहायलाही अर्धा तास लागला.

१ मार्च
नांदगाव. वहिनींकडे चार वर्षांनी गेलो. दादा गेल्यावर पहिल्या वर्षी येऊन गेलो, त्यानंतर नाहीच.
तिसऱ्या अंतऱ्याचं विचारलं. हसल्या. “ते त्यांचंच. कुठल्या बी गाण्याला शेपूट जोडायची खोडच होती. मालेगावला मुशायऱ्याला जायचे ना, तिथनं शब्द आणायचे, आन् इथं डकवायचे.”
“मला कधी बोलला नाही.”
“बोलले की. दोनदा वही घेऊन आले होते नाशकाला. भाऊजी, तुम्ही शुद्धलेखन तपासून दिलं.”
हो. आठवलं. लाल पेनाने. कविता आहे हे तेव्हाच कळलं होतं. मोठा भाऊ कविता करतो आणि मी नुसतेच शब्द गोळा करतो, हे मला… मग ऱ्हस्व-दीर्घ काढत बसलो.
वहिनींनी वही दिली. “न्या. मला काय वाचता येतंय त्यातलं?”

२ मार्च
ओळ आहे. पान एकोणीस. दादाचं अक्षर. तगाफुल शब्दावर बारीक उर्दू लिपीतही लिहिलंय. गाफ नाही, घैनच, वरच्या टिंबासकट. म्हणजे मला सतरा वर्षं लागली ते त्याला आधीच येत होतं.
खाली दुसरी ओळ नाही. जागा सोडलेली. कोपऱ्यात एकच उर्दू शब्द, टिंबांशिवाय.

८ मार्च
का. मा. :
“शायर कौन?”
“माझा भाऊ.”
“छपा है?”
“नाही.”
वही उघडून ओळ वाचली. “सिनेमे का गाना मत लिखो, झूठ होगा. जो है वो लिखो. बाकी पढनेवाला देख लेगा.”
मग म्हणाले, “और ये शेर अधूरा है. आधी सनद.”

९ मार्च
कार्ड नवं केलं. ‘चित्रपटगीत’ खोडलं. दादाचं पूर्ण नाव, नांदगाव, हस्तलिखित वही, पान १९, अप्रकाशित, दुसरी ओळ अपूर्ण.
सुमनने वाचलं. “साने काय म्हणतील?”
“म्हणू दे.”
“आणि तुम्ही?”
रविवारी बैठक आहे. आधी उभं राहून मी चुकलो म्हणायचं, मग कार्ड वाचायचं. क्रम हाच. त्यांनी कार्ड गाळायला सांगितलं तर भांडणार, पण त्याआधी चूक.

१२ मार्च
कोपऱ्यातला शब्द. मधे अलिफची उभी रेघ, एका बाजूला दातासारखा उंचवटा, दुसरीकडे होडीसारखी रेघ. त्यांना टिंबं किती आणि कुठे, यावर अक्षर ठरतं. दादाने टिंबंच दिली नाहीत. ताब असेल : धीर, सोसण्याचं बळ. बाब असेल : दार. नाब असेल : निर्भेळ. बात असेल तर अगदी साधं, गोष्ट.
धीर संपला म्हणणार होता, की दार उघडं आहे म्हणणार होता?
चारही नोंदी काढल्या. चार कार्डं केली. सनदेची जागा कोरी ठेवली. दुसरी ओळ कुठल्या शब्दावर उभी राहते ते वृत्तात बसवून पाहतोय. लाल पेन बाजूला ठेवलंय, पेन्सिलने लिहितोय. पहिलं ताब घेतलं…