जाड कातरलेली सुपारी

अश्दोद, रविवार

चि. जोकबेद,
पनवेलला सगळ्यांना शालोम. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

आईच्या कपाटातल्या वस्तूंचा फोटो मिळाला. "दादा, ही पक्कड आहे का? भंगारात देऊ?" असं तू विचारलंस. फोनवर हे सगळं सांगणं जमलं नसतं, म्हणून लिहितो.

तो अडकित्ता आहे; तू पानाच्या वाटेला गेली नाहीस, म्हणून ओळखला नाहीस. वरच्या दांडीला पातं असतं. सुपारी सांध्याजवळ ठेवून दोन्ही दांड्या मुठीत दाबल्या की ती कातरली जाते. शेजारी पानाचा डबा आहे. त्यात खाली ओल्या फडक्यात पानं ठेवायची, वरच्या कप्प्यांत कात, लवंग, सुपारी. झाकणाची छोटी डबी चुन्याची, तो वाळू नये म्हणून.

फोटोत सुपारीचे दोन कप्पे बघ. एकात बारीक चुरा आहे. दात गेल्यावर आई तेवढाच खायची. दुसऱ्यात जाड खांडं आहेत. बाबा पान खात नसत, तूही नाहीस. जाड खांड मलाच लागायचं. ती आतून अजून पांढरी दिसतात, जुनी असती तर काळवंडली असती. म्हणजे जाण्याच्या थोडे दिवस आधीच तिने ती कातरली.

आईच्या मातीला मी इतक्या दूर परदेशातून पोहोचलो नाही. दर शनिवारी शब्बाथला तिच्यासाठी प्रार्थना करतो.

डबा देऊ नकोस. इथे आल्यावर मी पान सोडलं, त्याला अकरा वर्षं झाली. आई दर फोनला विचारायची, "पान खातोस ना रे तिकडे?" मी हो म्हणायचो.

सर्वांना देव सांभाळो.
तुझा दादा,
योसेफ