भटारखान्यातल्या मार्था

छत्रपती संभाजीनगर,
मंगळवार

प्रिय मोनिकाताई,

प्रभूमध्ये सलाम. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितोय. गेले दहा दिवस मला माझीच किळस येतेय.

आमच्या चिकलठाण्याच्या चर्चचा वर्धापनदिन झाला. त्याआधी तीन दिवस सभा होत्या, रोज दोन वेळा तीनशे माणसांचं जेवण. राबणाऱ्या बाया अकरा, सगळ्या महिला मंडळाच्या. त्यातल्या चौघींनी स्वयंपाकाच्या पाळ्यांच्या पुढच्या यादीतून नाव काढून घेतलं. तेव्हा वडीलमंडळींचे सचिव मला म्हणाले, "पाळकसाहेब, बायांना जरा उभारी येईल असा संदेश द्या." मी लगेच मार्था आणि मरीयेचा उतारा काढला. थकलेल्या सेवकांसाठी सगळे पाळक तोच काढतात.

तयारी मात्र मन लावून केली होती. मार्थेनं प्रभूला आपल्या घरात घेतलं, कामानं तिची ओढाताण झाली, बहीण मरीया नुसती पायाशी बसून ऐकतेय हे बघून तिनं तक्रार केली. प्रभूनं तिचं नाव दोनदा घेतलं आणि मरीयेनं चांगला वाटा निवडलाय असं सांगितलं, ते मायेनं, हे मी समजावलं. गुरूच्या पायाशी बसणं म्हणजे शिष्य होणं, आणि त्या काळात ती जागा बाईची नव्हती, हेही सांगितलं. मग शेवटाला आवाज चढवून म्हणालो, "बहिणींनो, तुमचा थकवा कामाचा नाही, मनाचा आहे. पातेली सोडा, प्रभूच्या पायाशी बसा!" पुढच्या बाकांवरून जोरात आमेन आलं. सगळे पुरुषांचे आवाज.

कारण बाया तिथं नव्हत्याच. त्या मागं पत्र्याच्या भटारखान्यात होत्या आणि भोंग्यातून ऐकत होत्या.

उपासना सुटल्यावर मी मागं गेलो. मनकर्णाबाई, पासष्टीच्या, भाताचं उकळतं पाणी निथळताना हात भाजलेला, त्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं. दुसऱ्या हातानं पुऱ्या तळत होत्या. मला बघून म्हणाल्या, "संदेश लई चांगला झाला, साहेब. पण मी बसले असते तर ह्या कुणी तळल्या असत्या?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आणि ताई, मी काय बोललो माहितेय? "पाहुणे पाळक बसलेत, पुऱ्या गरमच पाठवा." मग जाऊन पंगतीत बसलो आणि पाच पुऱ्या खाल्ल्या. चांगल्या लागल्या. तेलाचा तो वास अजून बोटांना येतो असं वाटतं.

त्या संध्याकाळी तोच उतारा परत वाचला. मार्थेनं काम केलं याचा प्रभूनं तिला दोष दिलाच नव्हता. तिची ओढाताण त्याला दिसली. पुढं भाऊ मेल्यावर, तूच ख्रिस्त आहेस, असं विश्वासानं म्हणाली ती हीच मार्था. आणि त्यानंतरच्या जेवणातही ती वाढतच होती, तेव्हा तिला कुणी रागावलं नाही. मुख्य म्हणजे तो तिच्याशी समोरासमोर बोलला. मी तीच वाक्यं घेतली आणि राबणाऱ्या बायांच्या डोक्यात हाणली, तीही भिंतीपलीकडून. राबणं त्यांचं, दोषही त्यांचाच.

परवाच्या रविवारी भटारखान्याला कुलूप लावलं. चहासुद्धा नाही. वेदीपुढं उभं राहून त्या बायांची एकेक करून नावं घेतली आणि माफी मागितली. पुढच्या यादीत भांडी घासायला वडीलमंडळी, पहिलं नाव माझं, हेही वाचून दाखवलं. सचिव तडक उठून गेले. नंतर म्हणाले, "सगळ्या मंडळीसमोर अब्रू घालवली." मनकर्णाबाई दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. संदेश सुरू होताच त्यांना झोप लागली. कुणाला उठवू दिलं नाही मी.

माफी मागून मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. मनकर्णाबाईंच्या फडक्यातल्या हाताकडं बघताना मला फुलंब्रीची आपली खोली दिसत होती. बाबा मला मांडीशी बसवून वचनं पाठ करून घ्यायचे. तू पाठीमागं चुलीशी असायचीस. एकदा मी अडखळलो आणि पुढची ओळ तू तिथूनच सांगितलीस. बाबा म्हणाले, "तू भाकरीकडं बघ." मी हसलो होतो, ताई. सातवीनंतर तुझी शाळा सुटली, माझी पाळकाच्या शिक्षणापर्यंत गेली, आणि पन्नास वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की माझ्या ताईला सेवेची आवडच मोठी. तुला कधी विचारलं नाही. म्हणून हे पत्र. शनिवारी मी येतोय, डबा घेऊन. तू चूल पेटवू नकोस. तुला शिकायचं होतं का, काय व्हायचं होतं, मला सांग. रागावायचं असेल तर रागाव. मी खाली बसून ऐकेन.

तुझाच,
सुदर्शन