आरोपाची भाषा तपासून द्यावी

ता. ६ फेब्रुवारी

चि. तोफेस मामाचे अनेक आशीर्वाद.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. माझ्याकडून वाचायला नेलेली कादंबरी तू परत धाडलीस, पण पानोपानी समासात पेन्सिलीनं ‘हा हा’ लिहून. हसायला माझी हरकत नाही; पण तुझं हसू खोडता खोडता माझं मनगट भरून आलं.

तुझी मैत्रीण म्हणते, हे वाचून झोप उडाली. तुला तर हसू आवरेना. मग खरी कोण? दोघीही. आमचं रसशास्त्र हास्य आणि भयानक यांना वैरी मानतं. या लेखकानं दोघांना एकाच खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली आहे.

ती कडी कशी लागते बघ. सापडलेली छत्री जमा करायला कादंबरीतला घड्याळजी कचेरीत जातो. कारकून सांगतो, हरवल्याची तक्रार कुणाची आलेली नाही, म्हणजे छत्री हरवलेली नाही. मग ती तुमचीच. माझी नाही म्हणावं, तर चोरीची ठरते. बिचारा स्वतःच छत्री हरवल्याची तक्रार देतो, तेव्हा विचारतात, हरवलेली वस्तू तुमच्या हातात कशी? पायऱ्या एकेक करून तपास, प्रत्येक रास्त. जिना मात्र विहिरीत उतरतो. आपल्याला अख्खा जिना दिसतो म्हणून हसू. त्याला पुढचीच पायरी दिसते. त्यातून सगळे इतके अदबशीर, की भांडायलाही माणूस सापडू नये. लेखक तर खुर्चीच्या डुगडुगत्या पायासकट सारं शांतपणे सांगत राहतो. तेव्हा हसताना एवढंच बघ, की घड्याळजी कचेरीला मदत कधी करू लागला. तिथं पेन्सिल खाली ठेवायची.

तुझी आई गुडघा वगळता ठीक. लोभ आहेच, फुरसतीनं वाढव.

तुझा मामा

*

ता. २१ फेब्रुवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

मनगटाला तेल लाव. पेन्सिलीबद्दल माफी मागणार नाही.

इकडे एक गंमत झाली. आमच्या प्रयोगशाळेत मी टेकडीवरच्या टाकीचं पाणी तपासलं, ते पिण्याजोगं निघालं नाही, तसा अहवाल दिला. साहेब म्हणाले, दप्तरी ती टाकी दुरुस्तीसाठी बंद आहे. बंद टाकीतून पाणी येत नाही, मग नमुना कुठला? टाकीतलाच म्हणावं तर मी परवानगीवाचून आत गेले; नाही म्हणावं तर अहवाल खोटा. खुलासा होईपर्यंत मला कामावरून दूर ठेवलंय. खुलासा आतल्या खोलीत द्यायचा, आणि दूर ठेवलेल्यांना फाटकाच्या आत सोडत नाहीत. पहारेकरी फार भला. मला सावलीत खुर्ची देतो. त्याची धावपळ नको म्हणून आता मीच लवकर जाऊन खुर्ची मांडते.

काल हेडक्लार्क बाहेर येऊन म्हणाले, आरोप नेमका काय तो कुणालाच मांडता येईना. प्रकरणाची सर्वांत जास्त माहिती तुम्हाला, तर तुम्हीच लिहून द्या. पटण्यासारखंच आहे. अहवाल खोटा होता असं लिहिलं की एकच आरोप राहतो आणि सोमवारी सही करून सगळं मिटतं. मसुदा सोबत जोडलाय. भाषा तेवढी तपासून दे, तुझ्यासारखं शुद्ध मला जमत नाही.

टाकीचं पाणी वस्तीत चालूच आहे. मी उकळून पिते. काळजी नसावी.

तुझी तोफ

*

ता. २२ फेब्रुवारी

चि. तोफेस आशीर्वाद.

आधी कबुली. तुझा मसुदा हाती पडताच मी चष्मा चढवला आणि दोन ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं. एक वाक्य बोजड वाटलं, तेही सरळ केलं. शेवटच्या ओळीशी आलो तेव्हा लेखणी थांबली. तुझ्या हातून तुझाच गळा आवळला जातोय आणि मी दोरीचा पीळ नीट करतोय! तुला जिना समजावणारा शहाणा मामा पाय न अडखळता तीन पायऱ्या उतरून गेला होता.

मसुदा फाडला. तूही तुझ्याकडची प्रत फाड. टाकीतलं पाणी टाकीतूनच आणलं, ते वाईट होतं, एवढं कागदावर लिही आणि त्याखाली सही कर. आत शिरल्याचा दंड होईल, कदाचित नोकरीही जाईल. जाऊ दे. पण अहवाल खोटा ठरला तर ते पाणी चांगलं ठरेल गं, आणि तुझ्यासारखं उकळून प्यायला वस्तीतल्या पोरांच्या घरी कोण सांगणार? खुर्चीत बसू नकोस. उभी राहा, पाय दुखू देत.

तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. आजची गाडी निघून गेली, उद्या दुपारच्या गाडीनं निघतो. गाडी सोमवारी सकाळी पोचते, तुमची कचेरी त्याआधीच उघडते. हे पत्र मालगाडीवरच्या ओळखीच्या गार्डासोबत आजच पाठवतोय, पण ते वेळेत मिळेल याचा भरवसा नाही. तुझं पत्र दहा वेळा वाचलं. त्यात राग कुठंच नाही. लहानपणी पाटी फुटली तरी आळी डोक्यावर घेणारी तू, आणि लिहितेस की पटण्यासारखंच आहे.

विनोद सुचत नाही. मला भीती वाटते. मी पोचेन तेव्हा तू सही करून बसलेली असशील, दार उघडशील आणि हसून म्हणशील, मामा, झालं सगळं सुरळीत.

मामा